तारीख राखून ठेवा: सायली आणि निनाद, तारकर्ली

शनिवार १२ डिसेंबर २०२६ हळद, रविवार १३ ला लग्न. पत्रिका मागाहून येईलच.

प्रवास तुमचा तुम्ही करायचा. कोकणकन्येने शुक्रवारी रात्री निघा, कुडाळला उतरा. तिथून आमची गाडी असेल. आरक्षण १२ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडेल. दुपारपर्यंत थांबलात तर वेटिंगच हाती लागेल.

शनिवार दुपार ते सोमवार सकाळ राहणं-जेवण आमच्याकडे, एका खोलीत दोघं. जास्तीची रात्र स्वखर्चाने.

हळद वाळूत आहे: डाग पडला तरी चालेल असे सुती कपडे, सपाट चपला, टाचा रुततात. लग्नाला पारंपरिक, रंग कुठलाही. संध्याकाळी वारा सुटतो, शाल असू द्या.

किती जण, कुठल्या गाडीने, ३० सप्टेंबरपर्यंत सायलीला व्हॉट्सॲपवर कळवा. आहेर नको.