आईच्या सत्तरीला

आदरणीय मामा-मामी, काका-काकू, आत्या, आमच्या गल्लीतील सर्व मंडळी, आणि पहिला मांडा आपल्याच हातचा हवा म्हणून सकाळी खापरापाशी बसलेली व वहिनींनी हात धरून उठवल्यावरच या खुर्चीवर आलेली माझी आई,

नुकतेच वहिनींनी सत्तर दिव्यांच्या ताटाने आईचे औक्षण केले. आईच्या जन्माची तारीख कोणत्याही दाखल्यावर खरी नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकली. आजी मात्र नेहमी सांगत असे की, 1955 सालच्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, अंगणातल्या निंबाला बांधलेला झोका अजून सोडलेला नसताना ही मुलगी झाली. म्हणून आम्ही आजचा दिवस धरला. आखाजीला मी माहेरी आलेलीच असते, त्यामुळे आईचा वाढदिवस आणि माझे माहेरपण ही दोन सुखे मला दर वर्षी एकाच वेळी मिळतात.

भेट देण्यापूर्वी मला थोडे बोलायचे आहे, कारण ही भेट एक कागद आहे आणि तो का आणला हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही.

1973 साली आई लग्न होऊन या घरात आली आणि हळद उतरण्यापूर्वीच नाल्याकाठच्या आपल्या सव्वादोन एकरात निंदणीला गेली. तेव्हापासून गेली बावन्न वर्षे त्या शेतात जे जे पिकले, त्याला तिचा हात लागला आहे. पऱ्हाटीच्या दिवसांत ती पहाटे भाकरी बांधून निघायची, पदराची ओटी करून कापूस वेचायची, आणि वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी नखांशेजारची कातडी फाटलेली असायची म्हणून रात्री चुलीपुढे बसून बोटांना कोमट तेल व हळद लावायची. त्याच बोटांनी ती माझी वेणी घालत असे आणि केस ओढले गेले की मी रडत असे. केस तिच्या भेगांमध्ये अडकत होते, हे मला फार उशिरा समजले. पुढे विहिरीला पाणी लागले आणि केळी आली. केळीचा चीक कापडावर पडला की काळा डाग कायमचा राहतो, म्हणून आईची शेतात नेसायची दोन लुगडी वेगळी होती. त्यांचा मूळ रंग कोणता होता, हे आज तिलाही सांगता येणार नाही.

आपण सारे शेतकरी आहोत, त्यामुळे सातबारा म्हणजे काय हे मी सांगायला नको. तरीही त्याचे दोन भाग डोळ्यांपुढे आणावेत अशी माझी विनंती आहे. गाव नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो आणि गाव नमुना बारा त्या जमिनीत काय पिकले हे सांगतो. आपल्या गटाच्या बारा नमुन्यात वर्षानुवर्षे कापूस, ज्वारी, भुईमूग, केळी असे जे लिहिले गेले, ते बहुतांशी आईच्या कष्टाने लिहिले गेले. सात नमुन्यात आधी आजोबांचे नाव होते, मग अप्पांचे आले. 2009 साली अप्पा गेले, तेव्हा दादाचे नाव लागले आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे आली, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांआड आई होती आणि मीही होते. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, गावात सगळीकडे तशीच रीत होती. पण रीत होती म्हणून ती योग्य होती, असे मला वाटत नाही.

अप्पा गेल्यानंतरच्या वर्षी आई केळीच्या कर्जाची चौकशी करण्यासाठी एका कार्यालयात गेली होती. मी सोबत होते. कंद किती लागतील, ठिबकला खर्च किती येईल, घड कोणत्या महिन्यात उतरतील, हे सारे तिने न अडखळता सांगितले. समोरच्या गृहस्थांनी उतारा पाहिला आणि म्हणाले, “मावशी, ज्यांचे नाव आहे त्यांना पाठवा.” आई काही बोलली नाही. तिने उतारा घडी करून पिशवीत ठेवला आणि परतीच्या एस.टी.त पूर्ण वेळ ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. तो प्रवास मी विसरू शकले नाही.

दोन वर्षांपूर्वी मी हा विषय दादाजवळ काढला. माझ्या मनात संकोच होता, कारण बहिणीने जमिनीची गोष्ट काढली की घराघरांत काय होते ते आपण पाहतो. बहिणीने भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करावी, हीच आपल्याकडची पद्धत आहे. दादाने माझे बोलणे ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सही तू एकटीने का करायची? दोघेही करू. आईच्या नावे करू.” दादा, आज सर्वांसमोर मी तुझे आभार मानते, आणि वहिनी, तुमचेही, कारण तुम्ही मनापासून होकार दिला नसता तर मी पुढचे पाऊल टाकले नसते.

प्रथम ‘ए.कु.मॅ.’ काढून तिन्ही वारसांची नावे लावून घेतली. मग दादाने आणि मी दुय्यम निबंधकांसमोर हक्कसोडपत्र नोंदवले. आईलाही त्या दिवशी तालुक्याला नेले होते आणि तिने सहीसुद्धा केली. ‘वारसाचे काम आहे’ एवढेच तिला सांगितले होते, त्याबद्दल तिने आम्हाला क्षमा करावी. पुढे तलाठ्यांनी फेरफार धरला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, कोणाची हरकत आली नाही आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

आई, देवघराखालच्या पेटीत लाल बासनात बांधलेली आजोबांच्या वेळची कागदपत्रे आहेत. दर दसऱ्याला तू ती पेटी पुसतेस, बासनाला हळदीकुंकू वाहतेस आणि न उघडता परत ठेवतेस. आज तेच बासन मी वहिनींकडून मागून आणले आहे आणि सर्वांत वर हा नवा उतारा ठेवला आहे. शून्य पूर्णांक एक्याण्णव हेक्टर, म्हणजे आपले नाल्याकाठचे सव्वादोन एकर. येत्या खरिपात पीक पाहणीची नोंद तुझ्या नावाने होईल. तू बांधावर उभी राहून काय पेरले ते सांग, मोबाइलवर फोटो काढून माहिती भरायचे काम तुझा नातू करील.

या जमिनीचे पुढे काय करायचे, हे तू ठरवावेस. विकू नकोस किंवा अमक्याला दे, असे आमच्यापैकी कोणीही तुला सांगणार नाही.

तू चौथीपर्यंत शिकलीस आणि आजही रोज हरिपाठ वाचतेस. म्हणून आज तुझे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही. दादा, आईचा चष्मा दे. आई, हे बासन घे, गाठ सोड, आणि ‘भोगवटादाराचे नाव’ या रकान्यात काय लिहिले आहे, ते तू स्वतः आम्हा सर्वांना मोठ्याने वाचून दाखव.