शांताकाकींना, बंबासोबत

अनगोळ, बेळगाव
12 ऑक्टोबर 2025

ती. शांताकाकी आणि ती. काका यांना सुनीताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा तांब्याचा बंब घेऊन प्रसाद गुरुवारी सकाळी नंदगडला येतोय. सोमवारी नरकचतुर्दशी. रविवारी संध्याकाळी पाणी भरून, हळदीकुंकू लावून, गळ्यात कारिटांची माळ घातलेला बंब यंदा तुमच्याच न्हाणीघरात असला पाहिजे, म्हणून ही घाई. आता घाई म्हणायचं तरी कसं? रेखाच्या बाळंतपणाला नेलेला बंब आणि तिचा सोहम आता पाठीला दप्तर लावून शाळेत जातोय. काकी, फार उशीर झाला. मनापासून माफी मागते.

2019 चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. कोल्हापूरकडचा हायवे पाण्याखाली, खानापूर तालुक्यात नाले रस्त्यावर आलेले, आणि आमच्याकडे बाळ-बाळंतीण नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली. लाईट आली म्हणेपर्यंत जायची. गीझर भिंतीवर नुसता टांगलेला. मी आईला फोनवर सहज म्हटलं, बाळाच्या अंघोळीला पाणी तापवायचे हाल होतायत. ते तुमच्या कानावर कसं गेलं कुणास ठाऊक, पण पाऊस जरा ओसरला तसे काका गोणपाटात बांधलेला बंब टेम्पोत घालून दारात हजर. सोबत पोतंभर ढलप्या आणि करवंट्या. मी टेम्पोचं भाडं विचारलं तर काका म्हणाले, "आधी पाणी ठेव. पोरगी आत थंडीनं काकडतीया." चहासुद्धा उभ्या उभ्या घेतला आणि गेले.

त्या दिवसापासून रेखाचं शेक-शेगडीचं सगळं नीट मार्गी लागलं. मधल्या नळकांड्यात चार ढलप्या घातल्या की भोवतीचं पाणी किती लवकर कढत होतं! वरून तांब्याभर गार पाणी ओतावं, खालच्या तोटीतून कढत घ्यावं, दाईचे हात थांबायला नकोत. दाई तर म्हणायची, या पाण्यानं अंग कसं मोकळं होतं बघा. रेखाची कंबर दुखायची थांबली ती त्याच दिवसांत. हे सगळं तेव्हाच सविस्तर लिहून कळवायला हवं होतं. फोनवर "बरं चाललंय" एवढंच बोलणं झालं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बाळंतपण उरकलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, थंडी जाऊ दे, मग पाठव. थंडी सरली आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं, बेळगाव-खानापूर एसटीसुद्धा. तिथपर्यंतचा उशीर परिस्थितीचा. त्यानंतरचा सगळा माझा. दर दिवाळीला पाठवू म्हणायची आणि दर दिवाळीला पहिल्या अंघोळीचं पाणी त्यातच तापायचं. घरात रोज दिसणारी वस्तू हळूहळू आपलीच वाटायला लागते. तसं व्हायला नको होतं. कारण त्याच्या पोटावर नाव घातलंय, 'सौ. कृष्णाबाई', तुमच्या सासूबाईंचं. मी रोज चिंच लावून घासताना त्या अक्षरांवरून हात फिरवत होते.

परवा गणपतीत तुमची सून भेटली. बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं, काकांचे गुडघे आखडतात, सकाळी शेकायला भरपूर कढत पाणी लागतं आणि तुम्ही गॅसवर पातेल्यामागून पातेलं तापवता. ऐकून मला बसवेना. इतक्या वर्षांत तुम्ही बंबाबद्दल एका शब्दानं विचारलं नाहीत. लग्नात भेटलात, बारशाला आलात, आईच्या आजारपणात रात्ररात्र तिच्याजवळ बसलात, पण तो विषय काढला नाहीत. मला संकोच वाटू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात, आणि त्यापायी काकांनी थंडी सोसली. याचं मला फार वाईट वाटतं. सुनेला काही बोलू नका हं. तिनं सांगितलं हे चांगलंच केलं.

आता बंबाविषयी. तोटी जुनी होऊन ठिबकायला लागली होती, ती बदलून पितळेचीच नवी बसवली. बुडाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, तिथं कारागिराकडून डाग देऊन घेतला. असं काम करणारी माणसं आता कमी राहिलीत. शहापुरात एक म्हातारे सापडले. बंब उलटा-पालटा करून बघत म्हणाले, "पत्रा जाड आहे, असा आता मिळत नाही. विकणार असाल तर सांगा." मी म्हटलं, माझा असता तरी विकला नसता. खालची जाळी जळून वाकली होती, तीही नवी आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, त्यामुळे आतून पांढरी खापरी धरली होती. चिंचेचं पाणी रात्रभर भरून ठेवून ती सोडवली. तुमच्याकडे विहिरीचं पाणी असतं, तिथं तो सुखानं राहील. नाव मात्र कुणाला हात लावू दिलं नाही. कारागीर पॉलिश मारून देतो म्हणत होता, पण अक्षरं आधीच पुसट झालीत, म्हणून मी घरीच चिंच आणि राखेनं घासलाय.

काकी, सुनेला एक सांगून ठेवा: आधी पाणी, मग जाळ. रिकाम्या बंबाला आच लागली तर नवा डाग सुटेल. तुम्हाला हे मी सांगायला नको, पण तिला गीझरची सवय.

सोहमला अजून नीटसं पटलेलं नाही. धूर सोडतो म्हणून तो बंबाला 'आपली रेल्वे' म्हणतो. काल विचारत होता, रेल्वे नंदगडला का चालली? मी म्हटलं, तिचं घर तिथं आहे, आजोबांचे पाय दुखतात, त्यांना हवी आहे. मग जरा विचार करून अंगणात गोळा केलेल्या करवंट्यांची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, ही पण पाठव. तेव्हा ती पिशवी त्याची, बाकीचं ढलप्यांचं पोतं आमचं. काकांनी आणलं होतं त्यापेक्षा ते लहान भरलंय. प्रसादच्या गाडीत तेवढीच जागा आहे.

सोबत कुंद्याचा डबा, थोडं पांढरं लोणी, आणि काकांच्या गुडघ्यांना बांधायला रेखानं शिवलेल्या दोन गरम पट्ट्या. ती म्हणते, "माझी कंबर त्यांच्या बंबानं बरी केली, आता त्यांचे गुडघे मी सांभाळते." लोणी आल्याबरोबर थंड जागी ठेवा, प्रसाद वाटेत खानापूरला मित्राकडे थांबेल, मी कितीही बजावलं तरी. डबा परत पाठवायची गरज नाही.

बंब उतरवायला दोघं लागतील, काकांना हात लावू देऊ नका. भाऊबीज उरकली की मी आणि रेखा सोहमला घेऊन येतो. एक रात्र राहीन म्हणते, तुमच्या हातचे तांदळाचे घावन खाल्ल्याला फार दिवस झाले. त्या दिवशी सकाळचं पाणी मी तापवणार.

तुमची,
सुनीता