विषय: जाहिरात करार संपवत असल्याची नोटीस, आणि खाती, पासवर्ड व फाइलींचा ताबा

पावस, ता. जि. रत्नागिरी
सोमवार, ९ जून २०२५

निनादराव, नमस्कार.

१५ जानेवारी २०२५ रोजी आपल्यात झालेला जाहिरात करार त्यातल्या कलम ९ प्रमाणे, १५ दिवसांची नोटीस देऊन, मी संपवत आहे. कामाचा शेवटचा दिवस २४ जून. ही मेल म्हणजेच लेखी नोटीस. सही-शिक्क्याची प्रत आजच रजिस्टर पोस्टाने तुमच्या पुण्याच्या पत्त्यावर टाकली आहे. आज संध्याकाळी ६ नंतर आमच्या नावाने एकही जाहिरात चालू नसावी. थांबवा, पण काही डिलीट करू नका. जुन्या मोहिमांची आकडेवारी आम्हाला हवी आहे.

कारण तुम्हाला ठाऊक आहे, पण कागदावर असावं म्हणून लिहितो.

ठरलं होतं ते असं: मार्च ते मे या तीन महिन्यांत जाहिरातीतून ७०० नव्या ऑर्डर, आणि दर ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च ५०० रुपयांच्या आत. जाहिरातीवर आमच्या कार्डातून ३,५०,००० रुपये गेले. तुमची फी वेगळी. आमच्या ऑर्डरवहीत जाहिरातीतून आलेल्या ऑर्डर भरल्या २१२. म्हणजे एका ऑर्डरला सुमारे १,६५० रुपये. त्या २१२ पैकी ६४ फोन नंबर आमच्या जुन्याच गिऱ्हाइकांचे निघाले. ते जाहिरात नसती तरी आंब्याची पेटी मागवतातच, दरवर्षी मागवतात.

मे अखेरच्या तुमच्या अहवालात मात्र १,१४० ‘कन्व्हर्जन’ आहेत. आमच्या ऋजुताने ते खोलून पाहिलं. व्हॉट्सअॅपचं बटण दाबलं की एक, पेटी कार्टमध्ये टाकली की आणखी एक, आणि पैसे भरले की पुन्हा एक, असं एकाच माणसाचं तीनदा मोजलं गेलंय. भाव विचारून गेलेलाही त्यात विक्री म्हणून धरलेला आहे. हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिने तुमच्या केतकीला दाखवलं होतं. उत्तर आलं, ‘सिस्टीम अजून शिकतेय.’ सिस्टीम शिकत होती ती चुकीच्या गोष्टीवरून, आणि तिच्या शिकवणीची फी आम्ही भरत होतो.

दुसरं, पिनकोड. आमची गाडी मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर इथेच जाते, ही यादी करारालाच जोडलेली आहे. तरी गुगलच्या मोहिमांमध्ये ठिकाणाची सेटिंग शेवटपर्यंत `Presence or interest` अशीच राहिली. त्यामुळे पाटणा आणि गुवाहाटीत बसून मुंबईबद्दल काही शोधणाऱ्यालाही आमचा आंबा दिसत राहिला. लोक उत्साहाने फोन करायचे आणि आम्ही नाही म्हणायचो. एक टिकमार्क बदलायचा होता.

तिसऱ्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पाडवा ३० मार्चला झाला. ‘पाडव्याची पहिली पेटी’ ही गुढीचं चित्र असलेली जाहिरात ३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशीही चालू होती. वर्षातली सगळ्यात मोठी मागणी त्या दिवशी असते. आणि मेच्या सुरुवातीला जी नवी जाहिरात आली त्यात आंब्याचा फोटो तोतापुरीचा! विकतच्या फोटोंच्या साइटवरून उचललेला. खाली एका गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘काका, यंदा हापूसला चोच फुटली का?’ त्यावर दोनशेच्या वर लोक हसले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते आहोत, पेटीवर ते चिन्ह छापतो. कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपवतात अशी ओरड आम्हीच करायची आणि आमच्याच जाहिरातीत तोतापुरी? फेब्रुवारीत आमच्याच बागेत दोन दिवस शूटिंग झालं होतं. ते फोटो कुठे गेले?

एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. यंदा पीक कमी होतं, आणि पाऊस लवकर आला. २६ मेला तर मान्सून मुंबईत होता. त्याचा दोष कुणी तुम्हाला देत नाही. म्हणून वरच्या हिशोबात मी २० मेपर्यंतचाच खर्च आणि त्याच तारखेपर्यंतच्या ऑर्डर धरल्या आहेत. तरी आकडा हा असा आहे. पेटीवरच्या लेबलचं डिझाइन मात्र चांगलं झालं. ते आम्ही पुढेही वापरणार आहोत.

आता ताबा. आमच्याकडून हे काम ऋजुता बघेल. गणपती २७ ऑगस्टला आहेत. आंबा मोदक आणि आमरसाच्या डब्यांची तयारी आम्हाला जुलैत सुरू करायची आहे, म्हणून खालच्या तारखा मागेपुढे करता येणार नाहीत.

गुगल अॅड्सचं खातं तुमच्या मॅनेजर खात्याला जोडलेलं आहे. ऋजुताच्या मेलला १२ जूनपर्यंत `Admin` हक्क द्या. तिने आत जाऊन खात्री केली की तुमची जोडणी तीच काढेल. खातं बंद करू नका. अॅनालिटिक्स आणि टॅग मॅनेजर यांतही तिला पूर्ण प्रशासकाचा हक्क हवा. टॅग मॅनेजरमधले टॅग आहेत तसे राहू देत. चुकीचे आहेत तेही राहू देत, आम्ही दुरुस्त करू.

गुगलच्या नकाशावर बागेची जी नोंद आहे तिचे प्राथमिक मालक आज तुम्ही आहात. ऋजुताला त्यात मालक म्हणून १२ तारखेलाच घ्या. नव्या मालकाला प्राथमिक हक्क घ्यायला सात दिवस थांबावं लागतं. तुम्ही २३ला सुरुवात केली तर २४ला ते होणारच नाही. या नोंदीवर गेल्या सहा वर्षांतले गिऱ्हाइकांचे अभिप्राय आहेत. ती हातची गेली तर नवी उभी करता येईल, अभिप्राय कुठून आणणार?

फेसबुक पान आमचंच आहे, तिथले तुमच्या सगळ्या माणसांचे हक्क २४ जूनला निघतील. जाहिरात खातं आणि पिक्सेल तुमच्या बिझनेस पोर्टफोलिओत उघडलेले आहेत. ते उचलून आमच्याकडे देता येत नाहीत असं तुम्हीच मार्चमध्ये सांगितलंत. ठीक आहे. मग त्या खात्यातल्या सगळ्या मोहिमांची आकडेवारी, दिवसवार आणि जाहिरातवार, सीएसव्हीमध्ये द्या. त्यातून आमचं कार्ड काढा आणि काढल्याचा स्क्रीनशॉट पाठवा. आमच्या गिऱ्हाइकांच्या यादीवरून जे प्रेक्षकगट बनवलेत ते पुसा.

इन्स्टाग्रामचा गोंधळ आधी सोडवायला हवा. लॉगिनचा ओटीपी अजून तुमच्याकडून सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर जातो. त्याला शोधायचं काम तुमचं. सोमवार, १६ जूनला दुपारी ३ वाजता व्हिडिओ कॉल ठेवू. तुमच्याकडचं कुणीतरी लॉगिन करेल, त्याच कॉलवर मेल आणि नंबर आमचा टाकू, पासवर्ड ऋजुता बदलेल आणि नवे बॅकअप कोड ती स्वतः उतरवून घेईल. यूट्यूबचं त्याच बैठकीत उरकू.

पासवर्ड व्हॉट्सअॅपवर टाकू नका, मेलमध्येही नको. तुमच्या पासवर्ड मॅनेजरमधून ऋजुताला शेअर करा. मिळाल्या दिवशीच ती सगळे बदलेल.

वेबसाइटचं डोमेन आमच्या पैशाने घेतलं, पण नोंदणी तुमच्या कंपनीच्या नावावर आहे. हे मला मेमध्ये कळलं, आणि आवडलं नाही. नोंदणी आमच्या फर्मच्या नावावर करा, डीएनएसच्या सगळ्या नोंदींची प्रत द्या आणि एमएक्स नोंदींना हात लावू नका, नाहीतर आमची मेल बंद पडेल. होस्टिंगचा फाइली आणि डेटाबेससह पूर्ण बॅकअप हवा. पेमेंट गेटवेची जुनी की आम्ही २४ तारखेला रद्द करतोय, ही पूर्वसूचना समजा.

फाइलींबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथे पीडीएफ देऊन सुटका करून घेतात. लेबल, पेटी, बॅनर, पत्रक या सगळ्यांच्या मूळ, लेयर असलेल्या, बदल करता येतील अशा फाइली हव्यात. व्हिडिओंचे एडिटिंग प्रोजेक्ट आणि फेब्रुवारीच्या शूटिंगचं सगळं कच्चं चित्रण, ड्रोनसकट. वापरलेल्या देवनागरी फॉन्टची नावं आणि परवाने. विकतचे फोटो कुठून घेतले, परवाना कुणाच्या नावावर आहे आणि पुढे आम्हाला वापरता येतो का. बागेतल्या गड्यांची आणि पेट्या भरणाऱ्या बायांची संमतीपत्रं तुमच्याकडेच आहेत, ती मूळ प्रतीत. सगळं एका हार्ड डिस्कवर घालून १९ जूनपर्यंत कुरिअर करा. इथे पाऊस धो धो लागलाय, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा.

पैसे घेऊन केलेल्या या कामाचे हक्क आमचे, असं कराराचं कलम ६ सांगतं. पण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईतल्या मराठी मंडळींना आम्ही आमरस पाठवतो, म्हणून मसुद्यात ‘जगभर, कायमस्वरूपी’ असं घातलंय. तो सोबत आहे. सही करून डिस्कबरोबरच पाठवा.

गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी तुमच्या कुठल्याही लॅपटॉपवर, शीटमध्ये किंवा ड्राइव्हवर राहू नये, दुसऱ्या कुठल्या बागायतदारासाठी वापरली जाऊ नये. पुसल्याचं दोन ओळींचं पत्र तुमच्या सहीने द्या.

हिशोब असा: मे महिन्याचं बिल, जीएसटीसह ५३,१०० रुपये, मी १५ जूनला चुकतं करतो, त्याला कुठलीही अट नाही. जूनचे २४ दिवस धरून ३६,००० आणि १८ टक्के जीएसटी ६,४८०, मिळून ४२,४८० रुपये. शूटिंगचे २८,००० तुम्ही फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये लावलेत, दोन्ही वेळा आम्ही भरले. त्याची जीएसटीसह ३३,०४० रुपयांची क्रेडिट नोट द्या. उरतात ९,४४०. ऋजुताने ताबा पूर्ण मिळाल्याचं लिहून दिलं की सात दिवसांत, टीडीएस कापून, तुमच्या खात्यात जमा होतील.

केतकीला सांगा, तिच्यावर वैयक्तिक राग नाही. एकट्या मुलीच्या अंगावर अकरा गिऱ्हाइकं टाकल्यावर पिनकोड कोण बघणार?

ही नोटीस मिळाल्याचं उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत द्या. १६ तारखेच्या कॉलला तुम्ही स्वतः हजर राहा.

आपला,
दिगंबर
आंबा बागायतदार, पावस

सोबत:
मार्च ते २० मे ऑर्डरवहीचा उतारा
पाटणा-गुवाहाटीच्या क्लिकचा अहवाल
पाडवा आणि तोतापुरी जाहिरातींचे स्क्रीनशॉट
शूटिंगची दोन्ही बिलं
कॉपीराइट हस्तांतराचा मसुदा

प्रत: ऋजुता, आमचे सीए