बोटभर तेल

"लोणच्याला बुरशी! पैसे परत करा."

रामबागेतल्या नीलाच्या पेजवरची पहिली कडू कमेंट. "पुसून टाक गं," सासूबाई म्हणाल्या.

नीलाने फोटो मोठा केला. फोडी तेलाच्या वर आलेल्या. किलोभर कैरीला दीडशे ग्रॅम मीठ ठीकच होतं. पण पाव लिटर तेल फोडींनी पिऊन टाकलं होतं, आणि इंदूरच्या पावसाळी हवेत उघड्या फोडीला बुरशी लगेच धरते.

"खाऊ नका, बरणी टाकून द्या. पैसे आजच पाठवते," तिने लिहिलं. उरलेल्या बरण्यांसाठी तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करायला ठेवलं; कोमट ओतलं तर झाकणाला वाफ धरते.

"फोडींवर बोटभर हवं," सासूबाई म्हणाल्या.

"मग तेलकट म्हणून लिहितील."

"लिहू देत."