श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्या रुग्णांशी संवाद: परिचर्येत करायचे बदल

परिचर्येची जवळजवळ प्रत्येक कृती बोलण्यापासून सुरू होते. दुखतं कुठे, ॲलर्जी आहे का, सकाळपासून काही खाल्लं का, हे कळल्याशिवाय औषध देता येत नाही. रुग्णाला ऐकू किंवा दिसत नसेल तर ही माहिती अर्धवट मिळते आणि अर्धवट माहितीवर केलेली परिचर्या धोक्याची ठरते. म्हणून संवादातला बदल एखाद्या प्रेमळ सिस्टरच्या स्वभावावर सोडू नये. तो परिचर्या नियोजनात लिहिलेला असावा आणि प्रत्येक पाळीला पुढे दिलेला असावा, असे माझे ठाम मत आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केलेले आहे. त्यानुसार दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणहानी असलेली व्यक्ती बधिर आणि 60 ते 70 डेसिबल हानी असलेली व्यक्ती ऐकू कमी येणारी ठरते. हे आकडे प्रमाणपत्रासाठी आहेत. वॉर्डात भेटणाऱ्या बहुतेक वृद्धांकडे असे प्रमाणपत्र नसते, आणि आपल्याला कमी ऐकू येते हे अनेकांनी मान्यही केलेले नसते. त्यामुळे दोष ओळखणे हे पहिले काम. रुग्ण एकच कान पुढे करतो का, विचारलेले सोडून भलतेच उत्तर देतो का, टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो का, हे दाखल करतानाच पाहावे. कानात मळ साचलेला नाही ना, हेही तपासून घ्यावे. कधी कधी तेवढेच कारण असते.

सगळ्यात जास्त गैरसमज मोठ्याने बोलण्याबद्दल आहे. वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, त, ठ यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. अशा रुग्णाला ‘साठ’ म्हटले तर ‘आठ’ ऐकू येऊ शकते. औषधाची मात्रा किंवा वेळ सांगताना हा फरक किरकोळ नाही. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने तशीच हरवलेली राहतात, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. आवाज थोडा खालच्या पट्टीत ठेवावा, वाक्ये लहान ठेवावीत आणि सावकाश, पण तुकडे न पाडता बोलावे. समजले नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगावे. आकडे कागदावर लिहून दाखवावेत.

नागपुरात याला उन्हाळ्याची जोड मिळते. एप्रिल-मे महिन्यांत वॉर्डातले मोठे कूलर दिवसभर घरघरत असतात आणि त्या आवाजात चांगल्या कानाच्या माणसालाही नीट ऐकू येत नाही. महत्त्वाची विचारपूस करताना कूलर दोन मिनिटे बंद करणे किंवा रुग्णाला कोपऱ्यातल्या बेडकडे नेणे हाही संवादाचाच भाग आहे.

ओठांच्या हालचालींवर किती भरवसा ठेवायचा, हे मराठीतल्या एकाच जोडीवरून कळते. ‘पोट दुखतं का?’ आणि ‘बोट दुखतं का?’ हे दोन्ही प्रश्न ओठांवर सारखेच दिसतात. क, ग, ह हे तर ओठांवर दिसतच नाहीत. म्हणून प्रश्न विचारताना पोटाकडे हात करावा. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहावे. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळोखात जातो. संसर्गाचा धोका नसेल तेव्हा मास्क खाली घ्यावा आणि तो काढता येत नसेल तर लिहून विचारावे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या व्यक्तीची पहिली भाषा बहुधा सांकेतिक भाषा असते. तिचे व्याकरण मराठीपेक्षा वेगळे असल्याने लांबलचक मराठी चिठ्ठी तिला समजेलच असे नाही. चित्रे आणि लहान वाक्ये जास्त उपयोगी पडतात. अशा रुग्णाचे हात हेच बोलण्याचे साधन असतात, म्हणून सलाईन शक्यतो कमी वापराच्या हाताला लावावे.

नातेवाइकाला दुभाषा करणे सोपे वाटते. जेवणखाणाच्या गोष्टींसाठी ते चालते. पण मासिक पाळी, गर्भधारणा, घरातली मारहाण, शस्त्रक्रियेची संमती या विषयांत नवरा किंवा सासू मध्ये असेल तर खरे उत्तर मिळत नाही. तेथे प्रशिक्षित दुभाषा मागवण्याचा आग्रह परिचारिकेने धरलाच पाहिजे.

श्रवणयंत्र असेल तर ते रुग्णाच्या कानात असावे, लॉकरमध्ये नव्हे. एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी ते काढावे लागते. म्हणून सूचना ते काढण्याआधीच द्याव्यात. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे चालू असतील आणि रुग्ण कानात आवाज येतो किंवा ऐकू कमी येते म्हणत असेल, तर ते ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

दृष्टिदोषात उलट घडते. रुग्णाला सगळे ऐकू येते, पण कोण बोलते आहे आणि कोणाशी, ते कळत नाही. खोलीत शिरताच नाव आणि काम सांगावे: ‘काकू, मी सिस्टर वैशाली, तुमचा बीपी बघायला आले.’ हात लावण्याआधी सांगावे आणि निघतानाही सांगावे, नाहीतर रुग्ण रिकाम्या खोलीशी बोलत राहतो. मान हलवून उत्तर देऊ नये. ‘इथे’, ‘तिकडे’ या शब्दांनी त्यांना काहीच कळत नाही. ‘तुमच्या उजव्या हाताला, लॉकरच्या कडेवर पाण्याचा पेला आहे’ असे सांगावे. जेवणाचे ताट घड्याळासारखे समजावता येते: भात सहावर, भाजी तीनवर, वरणाची वाटी बारावर. बेल हातात देऊन दाबून दाखवावी. एकदा ठेवलेली वस्तू हलवू नये, आणि हे सफाई करणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवावे.

चालवताना रुग्णाला दंड धरून ढकलू नये. त्यांनी आपल्या कोपराच्या वर धरावे, आपण अर्धे पाऊल पुढे चालावे आणि पायरी आली की थांबून ‘आता एक पायरी वर’ असे बोलावे. बाहेरच्या उन्हातून आलेल्या मोतीबिंदूच्या रुग्णाला अंधाऱ्या पॅसेजमध्ये थोडा वेळ उभे करावे, कारण डोळे लगेच सरावत नाहीत. संमतीपत्र नातेवाइकाला नव्हे, रुग्णालाच पूर्ण वाचून दाखवावे. प्रत्येक अंध व्यक्तीला ब्रेल येते असे धरून चालू नये. दृष्टी म्हातारपणी गेलेल्यांना ती बहुधा येत नाही.

काटोलहून आलेले, मधुमेहाने नजर मंदावलेले आणि ऐकायलाही कमी येणारे 68 वर्षांचे काका आहेत असे धरू. काहीही सांगितले की ते ‘हो जी’ म्हणतात. हा होकार समजल्याचा पुरावा नाही. ‘काका, घरी गेल्यावर ही गोळी कधी घ्याल, ते मला सांगा’ असे विचारून त्यांच्या तोंडून उत्तर ऐकावे. सकाळच्या बाटलीला एक आणि रात्रीच्या बाटलीला दोन रबर लावून त्यांच्या बोटांनी ओळखून घ्यावे. त्यांच्या परिचर्या नोंदीत मी असे लिहीन: ‘डाव्या कानाने बरे ऐकू येते, डाव्या बाजूने, कूलर बंद करून बोलावे. जवळ जाऊन नाव सांगावे, मग खांद्याला स्पर्श करावा. आकडे जाड काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरांत. काठी उजव्या हाताशी. औषधाची वेळ रुग्णाकडून वदवून घ्यावी. आज संध्याकाळी रात्रीची बाटली बरोबर ओळखली, सकाळची ओळखता आली नाही, उद्या पुन्हा पाहावे.’ रात्रपाळीच्या सिस्टरला ओव्हर देताना हीच नोंद बेडजवळ उभे राहून, काकांसमोर वाचावी.