‘मणी आणि मन’ : शॉर्टची ऑडिओ आवृत्ती, संहिता आणि जोडणी

मूळ शॉर्ट ५८ सेकंदांचा. जपाला बसलं की मन भटकतं, त्याचं काय करायचं, एवढाच विषय. चित्रात माळेवर फिरणारी बोटं, खाली अक्षरं, मध्ये सात सेकंद कुणी बोलत नाही. यातून दोन फाइली काढायच्या आहेत: पॉडकास्टची दीड मिनिटाची, ग्रुपची सव्वा मिनिटाची. फरक फक्त प्रस्तावनेत.

आवाज तयार शॉर्टमधून उचलू नका. मागची बासरी अ‍ॅपच्या संगीतसंग्रहातून लावलेली आहे आणि ती वापरायची मुभा त्या अ‍ॅपपुरतीच असते. पॉडकास्टवर तीच गेली तर हक्काचा दावा येऊन भाग उतरवावा लागू शकतो. निवेदनात एकदा मिसळलेलं संगीत नंतर स्वच्छ सुटत नाही. स आणि श हमखास खरखरतात. एडिटमधला निवेदनाचा सुटा ट्रॅक घ्या, नाहीतर कॅमेऱ्यातली मूळ क्लिप:

```
ffmpeg -i mul_clip.mp4 -vn -ac 1 -c:a pcm_s16le -ar 48000 nivedan.wav
```

इथे MP3 नको. शेवटी MP3 करायचंच आहे. दोनदा दाबलेला आवाज पत्र्यातून आल्यासारखा लागतो.

पॉडकास्टची प्रस्तावना (२० ते २२ सेकंद)

“नमस्कार. जपाला बसलं की दोन मिनिटांत मन भलतीकडेच जातं, हा अनुभव ज्यांना आहे त्यांच्यासाठी आजचा भाग. भाग छोटा आहे, दीड मिनिटाचा. माळ जवळ असेल तर हातात घ्या, नसेल तर बोटांची पेरं पुरतील. गाडी चालवत असाल तर मात्र नंतर ऐका. मध्ये थोडा वेळ शांत बसायचं आहे.”

ग्रुपची प्रस्तावना (७ ते ८ सेकंद)

“नमस्कार. जप करताना मन भटकतं, त्याबद्दल सव्वा मिनिट. माळ असेल तर हातात घ्या.”

ग्रुपवर पहिल्या चार-पाच सेकंदांत विषय कळला नाही तर माणूस पुढच्या मेसेजवर जातो. त्यामुळे इथे स्वागत, आभार, मंडळाचं नाव काही नको.

निवेदन

“माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवा. तर्जनी लांब राहू द्या. अंगठ्याने एक मणी आपल्याकडे ओढा आणि नाम घ्या. मोठ्याने नको, ओठ हलले तरी पुरे. (२ सेकंद)

माळेत एकशे आठ मणी आहेत, पण आत्ता मोजायचे नाहीत. मन कुठे जातंय, तेवढं लक्षात घ्या. उद्याच्या कामात गेलं? कुणी काही बोललं होतं, त्यात गेलं? जाऊ दे. त्याच्यावर रागावू नका. ते गेल्याचं ज्या मण्यावर कळलं, तोच मणी धरून पुन्हा नाम घ्या. मागे जायचं नाही, हिशेब जुळवायचा नाही. (२ सेकंद)

आता सात नामं मनातल्या मनात घ्या. मी थांबते. (१२ सेकंद, फक्त तानपुरा)

गेलं होतं मन? हरकत नाही. पुढचा मणी घ्या. मेरुमण्याशी पोहोचलात की तो ओलांडू नका. माळ उलटी फिरवा आणि आलात त्याच वाटेने परत निघा. रामकृष्णहरी.”

यात मूळ शॉर्टपेक्षा तीन जागा बदलल्या आहेत. चित्रात ‘असं बघा, बोट इथे’ म्हणून भागलं होतं. ऐकणाऱ्याला ‘असं’ आणि ‘इथे’ दिसत नाही, म्हणून बोटांची नावं आली. ‘१०८ मणी’ आणि मेरुमण्याची सूचना फक्त पडद्यावरच्या अक्षरांत होती, ती आता तोंडी आहे. तिसरी जागा शांततेची, आणि तीच सगळ्यात जपायची. चित्र नसताना सात सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर फाइल अडकली असं वाटून लोक फोन हातात घेतात. शिवाय काही पॉडकास्ट अ‍ॅप शांतता आपोआप कापतात: Overcast मध्ये Smart Speed, Pocket Casts मध्ये Trim Silence. म्हणून आधी ‘मी थांबते’ असं सांगायचं आणि खाली तानपुरा चालू ठेवायचा. सात नामांना सात सेकंद अपुरेच होते, ते १२ केले.

तानपुरा स्वतः छेडून घ्या. अ‍ॅपचा वापरायचा असेल तर बाहेर वापरायची परवानगी आधी वाचा. निवेदनाखाली तो १८ ते २० डेसिबल कमी ठेवा, थांब्यात सावकाश ६ डेसिबल वर आणा, सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन सेकंदांचा फेड द्या. फोनच्या स्पीकरमधून खर्ज जवळपास येतच नाही, म्हणून हेडफोनवर भरदार वाटला तरी पातळी फोनवर ऐकून ठरवा. टाळ-झांज नको, कमी बिटरेटवर ती पाण्यातून वाजल्यासारखी होते.

प्रस्तावना आणि बदललेली वाक्यं नव्याने रेकॉर्ड होतील. माइक तोच, खोली तीच, तोंडापासून साधारण १५ सेंटिमीटर, माइक जरा बाजूला. समोर धरला की ‘पुरे’, ‘फक्त’, ‘भटकतं’ फुटतात. खोलीचा रिकामा आवाज १० सेकंद घ्या, सांधे त्यानेच भरायचे. नवा आवाज जुन्याला लागत नसेल तर ठिगळं लावत बसू नका, अख्खं निवेदन पुन्हा वाचा. दीड मिनिटाचं काम आहे.

जोडताना ८० हर्ट्झखालचं कापा. सुरुवातीला अर्धा सेकंद मोकळा सोडा. ब्लूटूथ हेडफोन जागे होईपर्यंत पहिलं अक्षर गिळतात आणि ‘नमस्कार’चं ‘मस्कार’ होतं. सगळं मोनोतच मिक्स करा.

पातळीसाठी `loudnorm` एका फेरीत चालवू नका. ते हळू भाग वर ओढतं, त्यामुळे १२ सेकंदांच्या थांब्यात तानपुरा फुगतो. आधी मोजा:

```
ffmpeg -i podcast.wav -af ebur128 -f null -
```

शेवटी `I:` समोरचा आकडा बघा. लक्ष्य -१९ LUFS. स्टिरिओतल्या -१६ इतकंच ते ऐकू येतं, कारण मोनोचा एकच चॅनेल दोन्ही कानांत वाजतो. आकडा -२३.४ आला तर ४.४ डेसिबल वाढवायचे:

```
ffmpeg -i podcast.wav -af "volume=4.4dB,alimiter=limit=0.84:level=false" -ar 44100 -ac 1 -b:a 96k -id3v2_version 3 -metadata title="मणी आणि मन" mani-man-podcast.mp3
```

`level=false` विसरलं की लिमिटर आवाज परत स्वतःच वाढवतो आणि मोजणी फुकट जाते. ग्रुपची फाइल वेगळी मोजा, पॉडकास्टचा आकडा तिला लावू नका. ९६ केबीपीएसला पॉडकास्टची फाइल सुमारे १.१ एमबी होते. फाइलचं नाव रोमन लिपीत आणि रिकाम्या जागेशिवाय ठेवा; देवनागरी नाव लिंकमध्ये `%E0%A4` अशा रांगा करतं. मुखचित्र चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल, JPEG किंवा PNG. शॉर्टची उभी चौकट कापून घालू नका, तिच्यावरची अक्षरं अर्धी जातात.

पॉडकास्टचं वर्णन: “जप करताना मन भटकलं तर कुठल्या मण्यापासून पुन्हा सुरू करायचं? सात नामांच्या थांब्यासह, दीड मिनिट. माळ नसली तरी चालेल.”

ग्रुपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे नाव दिसतं आणि पुढे पाठवली तरी ते टिकतं. स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोट करू नका. तानपुरा जातो आणि खोली ऐकू येते. सोबतचा मेसेज:

“🙏 मणी आणि मन. जप करताना मन भटकतं, त्याबद्दल सव्वा मिनिट. मध्ये १२ सेकंद बोलणं थांबतं, फाइल अडकलेली नाही. एकट्याने ऐकलेलं बरं.”

पाठवण्याआधी स्वतःलाच पाठवून एकदा फोनच्या स्पीकरवर, एकदा हेडफोनवर, आणि एकदा दीडपट वेगाने ऐका. दीडपट वेगात ‘मेरुमण्याशी’ कळलं नाही तर ते वाक्य जरा सावकाश पुन्हा घ्या.