स्वयंचलित उत्तर: 23 फेब्रुवारी ते 8 मार्च ऑफिसला नाही, सोमवार 9 मार्च 2026 ला सकाळी साडेदहाला हजर

नमस्कार,

तुमचा मेल पोहोचला आहे, पण मी तो वाचलेला नाही आणि 9 मार्चपर्यंत वाचणारही नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन 23 फेब्रुवारीला, उजव्याचं 2 मार्चला. डॉक्टरांनी स्क्रीन, धूळ आणि दुचाकी बंद केली आहे. मोबाईल मुलीच्या ताब्यात आहे आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे. चलनातला 3 मला 8 दिसायला लागल्यावर मात्र मीच म्हटलं, मार्च एंडिंगच्या आधी हे उरकून टाकू.

काम थांबणार नाही. शाहूपुरीचं ऑफिस नेहमीप्रमाणे सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा चालू आहे, शनिवारी दुपारी दोनपर्यंत. लँडलाइन नंबर आमच्या प्रत्येक बिलावर वरच्या बाजूला छापलेला आहे. त्यावर फोन लावून खालचं एक्सटेन्शन मागा.

जीएसटीचं काहीही असेल तर सुजाताताई, एक्सटेन्शन 12. तिमाही रिटर्न भरणाऱ्यांचं जानेवारीचं पीएमटी-06 चलन बुधवारी 25 फेब्रुवारीला भरायचं आहे. त्यांची यादी आणि रकमा मी ताईंकडे देऊन ठेवल्या आहेत, तुम्ही फक्त बँकेत पैसे ठेवा. मासिकवाल्यांनी फेब्रुवारीची विक्रीची बिलं 5 मार्चपर्यंत पाठवावीत. जीएसटीआर-1 ची तारीख 11 आहे आणि मी 9 ला येतोय. या दोन दिवसांत सगळ्यांची बिलं तपासायला डोळे नवे असले तरी हात जुनेच आहेत. मार्केट यार्डातल्या अडत्यांना एक खास विनंती: सुटा गूळ आणि लेबल लावून पॅक केलेला गूळ यांची बिलं वेगळी बांधून द्या. सुट्याला कर नाही, पॅकिंगवाल्याला 5 टक्के आहे, आणि एका गठ्ठ्यात आले की ताईंना अख्खा दिवस निवडत बसावं लागतं.

टीडीएस, पगार, पीएफ आणि ईएसआय दिग्विजयकडे, एक्सटेन्शन 14. फेब्रुवारीत कापलेला टीडीएस 7 मार्चला भरायचा आहे. त्या दिवशी शनिवार आहे, म्हणून शुक्रवारीच संपवा. कापून ठेवलेली रक्कम एक दिवस जरी उशिरा भरली तरी महिन्याला दीड टक्का व्याज लागतं आणि अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. म्हणजे 8 तारखेला भरलंत तर फेब्रुवारी आणि मार्च, दोन्हीचं व्याज द्यावं लागतं. पोरगा वयानं लहान आहे, पण या कामात माझ्यापेक्षा पक्का आहे. ‘साहेबांशीच बोलायचंय’ असं त्याला कृपया सांगू नका.

नोटीस आली असेल तर घाबरायच्या आधी तिच्यावरची उत्तराची तारीख बघा. ती 16 मार्च किंवा त्यानंतरची असली तर नोटिशीची प्रत सुजाताताईंकडे देऊन ठेवा, मी आल्यावर पहिल्यांदा तीच हातात घेईन. तारीख त्याआधीची असली तर ताई तुम्हाला निंबाळकर वकिलांशी जोडून देतील. माझं त्यांच्याशी बोलणं झालं आहे आणि चालू प्रकरणांच्या फायली त्यांच्याकडे पोहोचल्या आहेत. अधिकाऱ्याला फोनवर स्वतः काही कबूल करू नका. पोर्टलवर घाईत उत्तर टाकू नका. मागं असं टाकलेलं चार ओळींचं उत्तर निस्तरायला मला चार महिने लागले होते.

आता ई-वे बिल. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नाला गेलो तेव्हा मी उत्तरात एकच ओळ लिहिली होती: ‘सुट्टीवर आहे, तातडीचं असल्यास फोन करावा.’ अक्षता पडायच्या आत अकरा फोन आले, त्यातले सात गाड्यांचे. म्हणून या वेळी सगळं लिहून देतोय. गाडी वाटेत बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर नवं बिल काढायचं नाही, त्याच बिलात पार्ट बीमध्ये नवा गाडी नंबर टाकायचा. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळते, म्हणजे पुण्याच्या गाडीला दोन दिवस. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. ती वाढवायची ज्याच्या ताब्यात माल आहे त्या ट्रान्सपोर्टरनं. बिलच चुकलं असेल तर 24 तासांच्या आत रद्द होतं. या सगळ्याचं लॉगिन तुमच्या डिस्पॅचच्या माणसाकडे आहेच, त्यामुळं रात्री दोनला तुम्हाला माझी तशीही गरज नाही. दिवसा अडलं तर एक्सटेन्शन 12.

ओटीपी फोनवर फक्त सुजाताताईंना सांगा, तोही ऑफिसच्या लँडलाइनवर तुम्ही स्वतः फोन लावल्यावर. मेलवर ओटीपी किंवा पासवर्ड लिहू नका. माझ्या नावानं ‘डोळ्याला पट्टी आहे, जरा कोड सांगा’ असा फोन आला तर तो मी नव्हे. डिजिटल सही असलेली टोकनं ऑफिसच्या कपाटात आहेत, किल्ली ताईंकडे. ज्यांनी कागद सह्या करून दिले आहेत त्यांचीच टोकनं वापरली जातील.

ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता 15 मार्चचा, आणि त्या दिवशी रविवार आहे. त्याचे आकडे मी 10 तारखेला काढून देईन, शुक्रवारी 13 ला भरून टाकू. निर्यातदारांचं पुढच्या वर्षाचं एलयूटी, कंपोझिशनमध्ये जायचा विचार, 1 एप्रिलपासून लागू होणारा नवा आयकर कायदा, या कशालाही पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. ते माझ्यासाठी ठेवा.

हे उत्तर तुम्हाला प्रत्येक मेलला येणार नाही. लागोपाठ दुसरा मेल टाकलात आणि काही आलं नाही, तर मी तो वाचला असा अर्थ काढू नका. 9 मार्चला मी मेल नव्यापासून जुन्याकडे वाचत जाईन आणि 11 च्या रात्रीपर्यंत संपवेन. तोवर तुमचं काम झालेलं नसेल तर 12 ला सरळ एक्सटेन्शन 11 वर फोन करा, तिथं मीच असेन.

भेटायला घरी येऊ नका, रागावू नका. ऑपरेशननंतर गर्दी नको असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, आणि आलात की फाईल सोबत आणाल हे मला ठाऊक आहे. बिलांचे गठ्ठे ऑफिसात राजूमामांकडे द्या आणि वहीत नोंद करून त्यांची सही घ्या.

आपला,
विलास
कर सल्लागार, शाहूपुरी, कोल्हापूर

ता. क. हा मजकूर मी 21 फेब्रुवारीला सांगितला आणि दिग्विजयनं टाइप केला. त्याच्याबद्दलचं कौतुक त्यानं दोनदा काढून टाकलं, मी दोनदा परत घालायला लावलं.